महिनाभर दिसणार नाही, एवढं सांगून ठेवतो

डिसेंबर २०१९ मध्ये प्यूडीपाय या नावानं जगभर ओळखल्या जाणाऱ्या फेलिक्स शेलबर्ग या स्वीडिश तरुणानं आपल्या प्रेक्षकांना सांगून टाकलं, की नव्या वर्षात तो काही काळ यूट्यूबवर दिसणार नाही. कारणही साधंच होतं: तो दमला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्या चॅनेलनं दहा कोटी सबस्क्राइबरांचा टप्पा गाठला होता. एकट्या माणसानं चालवलेल्या चॅनेलला इतकं यश तोवर मिळालं नव्हतं. आपल्याकडच्या टी-सीरिजशी त्याची पहिल्या क्रमांकासाठीची चुरसही तेव्हा ताजीच होती.

दमल्याचं बोलून दाखवणारा तो पहिलाच नव्हता. वर्षभर आधी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, पंजाबी कुटुंबातल्या कॅनेडियन लिली सिंगनं असाच निरोप दिला होता. मन, शरीर, सगळंच शिणलंय, असं तिनं मोकळेपणानं सांगितलं.

फेलिक्सचं वेगळेपण वेळेत होतं. त्यानं थांबण्याआधी महिनाभर सूचना दिली. शेवटचा व्हिडिओ १५ जानेवारी २०२० रोजी आला आणि फेब्रुवारीच्या उत्तरार्धात तो परत हजर झाला. मधल्या काळात प्रेक्षकांना निदान ठाऊक होतं, की माणूस रुसलेला नाही, आजारी नाही आणि कायमचा गेलेलाही नाही. न सांगता गायब होणाऱ्याच्या जुन्या व्हिडिओंखाली ‘कुठे आहात? बरे आहात ना?’ अशी विचारपूस सुरू होते, आणि मग अफवा.

चॅनेल चालवणाऱ्याची खरी भीती मात्र वेगळी असते. आपण थांबलो तर यूट्यूबची शिफारस करणारी यंत्रणा आपल्याला विसरेल का? यूट्यूबच्या तेव्हाच्या प्रमुख सुझन वोजिस्की यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये या भीतीला उत्तर दिलं. सहा वर्षांच्या काळातल्या लाखो चॅनेलांच्या सुट्ट्या कंपनीनं तपासल्या होत्या. सुट्टीआधी जितके व्ह्यूज मिळत होते, त्याहून परतल्यावर सरासरीनं अधिक मिळाले, असं त्यांनी लिहिलं. ही बातमी दिलासा देणारी असली तरी जरा जपून वाचायला हवी. तपासलेल्या सुट्ट्या वेगवेगळ्या लांबीच्या होत्या, सगळ्याच काही पूर्ण महिन्याच्या नव्हत्या. शिवाय सरासरी म्हणजे तुमच्या-माझ्या चॅनेलची हमी नव्हे.

नियमांच्या बाजूनं महिनाभर काही बिघडत नाही. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ चॅनेलवर व्हिडिओ किंवा पोस्ट काहीच आलं नाही, तर यूट्यूब जाहिरातींचं उत्पन्न बंद करू शकतं. महिना त्या मर्यादेच्या कितीतरी अलीकडे आहे. जुने व्हिडिओ लोक पाहतच राहतात, त्यामुळे थोडेफार पैसे येत राहतात. फटका बसला तरी तो जरा उशिरा कळतो, कारण एका महिन्याची कमाई पुढच्या महिन्याच्या शेवटी-शेवटी हातात पडते. सुट्टीत खर्च कसा भागेल हे बघताना नवशिके नेमकं हेच विसरतात.

आता परतीचं. इथे बहुतेकांचा गैरसमज असतो, की सबस्क्राइब केलेल्या प्रत्येकाच्या फोनवर घंटा वाजेल. तसं होत नाही. सबस्क्राइब केल्यावर सूचनांचं जे सेटिंग आपोआप लागतं, त्यात कुणाला कोणती सूचना द्यायची हे यूट्यूबच ठरवतं, आणि महिनाभर तुमचं काही न पाहिलेल्याला ती मिळेलच असं नाही. म्हणून निरोपाच्या व्हिडिओत ‘लवकरच भेटू’ म्हणण्यापेक्षा ‘अमुक तारखेच्या रविवारी, सकाळी दहाला’ असं सांगणं उपयोगाचं. ज्याला ओढ आहे तो त्या दिवशी स्वतःहून येऊन बघतो.

त्या निरोपात आणखी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. दरमहा पैसे भरून सदस्य झालेल्यांना या महिन्यात काय मिळणार, हे पहिलं. कारण व्हिडिओ नसला तरी त्यांचे पैसे कापले जाणारच. दुसरी गोष्ट म्हणजे परतल्यावरचा वेग. आधी आठवड्याला तीन व्हिडिओ येत असतील आणि पुढे एकच येणार असेल, तर ते जाताना सांगितलेलं बरं. नाहीतर परतीच्या दुसऱ्याच आठवड्यात ‘पुन्हा सुट्टी का?’ असं विचारणारे येतात. स्वयंपाकाचे व्हिडिओ करणाऱ्यांना तर आणखी एक सोय आहे: सणाच्या पाककृतींचे दोन-तीन व्हिडिओ आधीच करून प्रसिद्धीची तारीख लावून ठेवता येते, म्हणजे सुट्टीत चॅनेल अगदीच सुनं पडत नाही. मात्र त्याखाली आलेल्या प्रश्नांना उत्तर मिळणार नाही, हेही मग आधीच सांगावं लागतं.

फेलिक्स परतल्यावर मे २०२० मध्ये त्यानं थेट प्रक्षेपणासाठी खास यूट्यूबशीच करार केला. २०२२ मध्ये तो पत्नीसह जपानला राहायला गेला, आणि पूर्वीसारखा रोज व्हिडिओ टाकण्याचा नेम हळूहळू सुटत गेला.