वहीतला विद्युत परिपथ बरोबर आहे का? बोट फिरवून तपासा

नववी-दहावीच्या विज्ञानात विद्युत परिपथाची आकृती काढावी लागते. मुलं पट्टी लावून छान चौकोन काढतात, त्यात चिन्हं बसवतात आणि अम्मी-अब्बूंना दाखवतात. चित्र दिसायला सुंदर असतं, त्यामुळे घरी सगळे खूश. पण परिपथ सुंदर आहे का यापेक्षा त्यातून विद्युतधारा खरंच वाहील का, हे पाहायचं असतं. ते पाहायला विज्ञानाची पदवी लागत नाही. एक पेन्सिल आणि आपलं बोट पुरे.

एक साधी आकृती घेऊ या. १.५ व्होल्टचे दोन घट जोडून ३ व्होल्टची बॅटरी. तिच्यापुढे प्लग कळ, मग अमीटर. पुढे तारेला दोन फाटे फुटतात, वरच्या फाट्यात ६ ओहमचा रोध आणि खालच्यात ३ ओहमचा. दोन्ही फाटे परत एकत्र येतात आणि तार बॅटरीकडे परतते. रोधांच्या दोन टोकांना व्होल्टमीटर. ही झाली समांतर जोडणी.

सगळ्यात आधी बॅटरी बघा, कारण पुढची सगळी तपासणी तिच्यावर उभी आहे. घटाच्या चिन्हात लांब, बारीक रेघ म्हणजे धन टोक आणि आखूड, जाड रेघ म्हणजे ऋण टोक. दोन घट असतील तर रेघा लांब-आखूड, लांब-आखूड अशा यायला हव्यात. घाईत मुलं लांब-आखूड, आखूड-लांब काढतात. चित्रात फरक वाटत नाही, पण अर्थ असा की दोन्ही घट एकमेकांविरुद्ध ढकलताहेत. १.५ वजा १.५, म्हणजे शून्य व्होल्ट. बाकी आकृती कितीही अचूक असली तरी या परिपथात काहीच वाहणार नाही.

आता बोट बॅटरीच्या लांब रेघेवर ठेवा आणि तारेवरून पुढे सरका. कागदावरून बोट न उचलता, वाटेतली प्रत्येक वस्तू ओलांडत, आखूड रेघेपर्यंत परत यायचं. जिथे बोट अडलं तिथे परिपथ तुटला.

बोट बहुतेक वेळा दोन ठिकाणी अडतं. पहिलं ठिकाण म्हणजे कळ. प्लग कळीच्या चिन्हात दोन कंसांच्या मधे ठिपका असेल तर कळ बंद, म्हणजे जोडलेली. ठिपका नसेल तर ती उघडी. इथे भाषेचाही घोळ होतो. घरी आपण ‘लाइट बंद केली’ म्हणतो तेव्हा वीज थांबते, पण परिपथात कळ ‘बंद’ असली की वीज वाहते. मूल कळ उघडी काढतं आणि त्याच आकृतीत धारेचे बाणही दाखवतं. या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असूच शकत नाहीत. बाण दाखवायचे तर कळीत ठिपका हवा.

दुसरं ठिकाण फाट्यांचं. आपल्या आकृतीत फेऱ्या दोन आहेत, म्हणून बोटही दोनदा फिरवा: एकदा ६ ओहमवरून, एकदा ३ ओहमवरून. समजा ३ ओहमच्या रोधाची रेघ मुख्य तारेच्या दोन मिलिमीटर अलीकडेच थांबली आहे. वरून बोट आरामात घरी पोहोचतं, म्हणून एकदाच तपासणाऱ्याला शक येत नाही. आकडे बघा. ६ ओहममधून ३ भागिले ६, म्हणजे ०.५ अँपिअर जातात. ३ ओहममधून ३ भागिले ३, म्हणजे १ अँपिअर. अमीटरने एकूण १.५ दाखवायला हवेत. खालचा फाटा तुटला की तो फक्त ०.५ दाखवेल. तारा जिथे खरंच जोडल्या आहेत तिथे ठिपका द्यायची सवय लावा. नुसत्या एकमेकींना छेदणाऱ्या, ठिपका नसलेल्या रेघा जोडलेल्या धरत नाहीत.

बोट फिरवताना मीटरही तपासून होतात. अमीटर बोटाच्या मुख्य वाटेत यायलाच हवा, म्हणजे एकसर. व्होल्टमीटर वाटेत येता कामा नये. तो रोधाच्या दोन टोकांना बाहेरून, समांतर जोडलेला असतो. दोघांची अदलाबदल ही मला वह्यांमध्ये सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे, कारण दोन्ही चिन्हं गोलच. आत फक्त ‘ए’ आणि ‘व्ही’ एवढाच फरक.

या चुकीचा परिणाम दोन्हीकडे सारखा नाही. व्होल्टमीटरचा रोध खूप मोठा असतो. तो ३००० ओहमचा धरला आणि मुख्य वाटेत बसवला, तर धारा जेमतेम ०.००१ अँपिअर उरते. अमीटरचा काटा हलत नाही, व्होल्टमीटर मात्र जवळपास पूर्ण ३ व्होल्ट दाखवतो. प्रयोग फसतो, पण नुकसान काही नाही. अमीटरचं उलटं आहे. त्याचा रोध अगदी कमी असतो. तो रोधांच्या टोकांना समांतर लावला की धारेला जवळजवळ मोकळी वाट मिळते, काटा झटक्यात टोकाला आपटतो आणि आतली वेटोळी जळू शकते. प्रयोगशाळेत मुलं वहीतल्या आकृतीप्रमाणेच तारा जोडतात, म्हणून ही चूक कागदावरच पकडायला हवी.

मीटरची धन-ऋण टोकंही बोटानेच कळतात. बॅटरीच्या धन टोकाकडून निघालेलं बोट प्रत्येक मीटरमध्ये धन टोकाने शिरलं पाहिजे आणि ऋण टोकाने बाहेर पडलं पाहिजे. काही मुलांनी ‘धन नेहमी डावीकडे’ असं पाठ केलेलं असतं. अमीटर परतीच्या तारेवर काढला की हा नियम कोसळतो. टोकं उलटी जोडली तर काटा शून्याच्या मागे जायला बघतो.

उर्दू माध्यमातली मुलं विद्युतधारेला ‘बर्की रौ’ म्हणतात, रोधाला ‘मुजाहमत’. लिहिण्याची दिशा उजवीकडून डावीकडे असली तरी चिन्हं तीच आणि बाणाचा नियमही तोच. डावं-उजवं बघायचंच नाही, बॅटरीची लांब रेघ शोधायची.

शेवटी बाण. बाहेरच्या तारांत बाण धन टोकाकडून ऋण टोकाकडे जातात. फाट्यांच्या जागी मुलं फसतात. त्यांना चौकोन गोल फिरल्यासारखा वाटतो, म्हणून वरच्या फाट्यात बाण डावीकडून उजवीकडे आणि खालच्यात उजवीकडून डावीकडे काढतात. धारा डावीकडून येते असं धरून डावा सांधा तपासा. मुख्य तारेतून १.५ आत आले, खालच्या फाट्यातूनही १ आत आला, म्हणजे २.५. बाहेर गेले फक्त ०.५. उरलेले २ अँपिअर गेले कुठे? सांध्यात धारा साठत नाही. म्हणून दोन्ही फाट्यांत बाण एकाच बाजूला हवेत: १.५ आत, ०.५ आणि १ बाहेर.

एखादं हुशार मूल म्हणेल, इलेक्ट्रॉन तर ऋणाकडून धनाकडे जातात! त्याचं खरं आहे. धारेची दिशा इलेक्ट्रॉनचा शोध लागण्याआधीच ठरली होती. इलेक्ट्रॉन १८९७ मध्ये सापडला आणि जुना संकेत तसाच राहिला. आकृतीत बाण धारेचे काढायचे. इलेक्ट्रॉनची दिशा विचारली असेल तर उलटे बाण वेगळ्या रंगात काढावेत आणि शेजारी नाव लिहावं.