तीन हजारांचा निरोप

सकाळी 9.30
डोंबिवली पूर्वेला आमचा दातांचा छोटा दवाखाना आहे. एक खुर्ची, एक डॉक्टर आणि काउंटरवर मी. शटर उघडून दिवा लावला की मी आधी लॅबमधून आलेल्या कॅपचे डबे पाहते. एक डबा पाच आठवड्यांपासून तसाच पडून आहे. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये नोकरी करणाऱ्या एका ताईंच्या दाढेची ती कॅप. रूट कॅनाल झालं, माप घेतलं, कॅप तयार होऊन आली आणि त्यांचं येणंच थांबलं.

10.15
डॉक्टर डबा पाहून म्हणाल्या, "हिशेबाचं नंतर बघू, आधी त्यांना बोलाव." रूट कॅनाल केलेली दाढ ठिसूळ होते. वर कॅप नसेल तर चावताना तिला तडा जाऊ शकतो, आणि तो मुळापर्यंत गेला तर दाढ काढावीच लागते. शिवाय उशीर झाला की शेजारचे दात किंचित सरकतात, मग तयार कॅप नीट बसत नाही आणि माप पुन्हा घ्यावं लागतं.

11.00
निरोप लिहिण्याआधी हिशेब तपासला. ठरलेले एकूण 9,500 रुपये. पहिल्या वेळी रोख 3,000, दुसऱ्या वेळी यूपीआयने 2,500. वहीप्रमाणे बाकी 4,000. पण त्यांच्या तिसऱ्या भेटीच्या दिवशीचं बँकेचं स्टेटमेंट काढलं, तेव्हा 1,000 रुपयांची एक जमा दिसली, भलत्याच नावाने. केसपेपरवर घरचा दुसरा नंबर आहे, त्यापुढे तेच नाव. त्यांची मुलगी! पैसे तिच्या खात्यातून आले होते आणि मी ते वहीत चढवलेच नव्हते. म्हणजे खरी बाकी 3,000. न तपासता चार हजार मागितले असते, तर प्रामाणिक माणसाला खोटं ठरवल्यासारखं झालं असतं.

11.30
आता निरोप. सकाळी साडेआठच्या गर्दीत तो कधीच पाठवत नाही. लेडीज डब्यात फोन हातात धरला की शेजारणीलाही पडद्यावरचं दिसतं. म्हणून वेळ ऑफिसची निवडते, आणि पहिल्या ओळीत ना आजार, ना रक्कम, कारण फोन न उघडताही तेवढी ओळ वाचता येते. निरोप फक्त त्यांच्याच नंबरवर जातो. मुलीचा नंबर हाताशी आहे, पण तिला कळवायचं की नाही हे ताईंनी ठरवायचं.

आधी मी लिहिलं होतं, "आपली थकबाकी त्वरित भरावी." ते खोडलं. थकबाकी म्हटलं की वीजबिलाची नोटीस आठवते. मग असं लिहिलं:

"नमस्कार ताई, दवाखान्यातून लिहितेय. सवडीने वाचा.

तुमची कॅप तयार आहे. दाढ जपण्यासाठी ती लवकर बसवायला हवी. त्यासाठी आधी पैसे भरण्याची अट नाही.

हिशेब असा: एकूण 9,500, मिळाले 6,500, राहिले 3,000. यात चूक वाटली तर जरूर सांगा. एकदम जमत नसेल तर दोन-तीन हप्त्यांत द्या. तुम्हाला सोयीची तारीख कळवा."

डॉक्टरांनी वाचून अटीचं वाक्य तसंच ठेवायला सांगितलं. ते वाक्य मी मनाने घालू शकत नाही. लॅबचं बिल महिन्याच्या महिन्याला दवाखान्यालाच चुकवावं लागतं, त्यामुळे अशी सवलत द्यायची की नाही हे त्यांनीच ठरवायचं असतं.

दुपारी 1.15
निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. लगेच फोन करायचा नाही, हा आमचा नियम. आठवडाभर थांबते, मग एकच फोन, तोही संध्याकाळी, आणि आधी विचारायचं, "आत्ता बोलता येईल ना?" फोन घरच्या दुसऱ्या कुणी उचलला, तर "दवाखान्यातून होता, सवडीने फोन करायला सांगा" एवढंच म्हणून ठेवते.

संध्याकाळी 7.40
ताई स्वतःच आल्या, स्टेशनवरून थेट, खांद्याला डबा-पर्स. काउंटरपाशी इतर पेशंट बसले होते, म्हणून त्यांना आत नेलं. "मॅडम, सगळे पैसे दिल्याशिवाय कॅप बसवत नाहीत असं वाटलं होतं मला. दाताला काही खुपत नव्हतं, म्हणून राहू दिलं." पाच आठवडे त्या डाव्या बाजूने जेवत होत्या. एक हजार त्यांनी तिथेच दिले, उरलेले दोन हजार पगारानंतर, 7 तारखेला आणि पुढच्या महिन्याच्या 7 तारखेला. मी पावती केली आणि तारखा त्यांच्याच हाताने केसपेपरवर लिहून घेतल्या.

डॉक्टरांनी दाढ तपासली. तात्पुरतं सिमेंट एका कडेने झिजलं होतं, पण तडा नव्हता. कॅप लावून पाहिली तर थोडी उंच लागत होती. ती घासून शनिवारी पक्की बसवायचं ठरलं.

रात्री 9.10
शटर ओढण्याआधी तिसऱ्या भेटीच्या दिवशीचे ते राहिलेले एक हजार वहीत चढवले आणि पुढे लिहिलं, "मुलीच्या खात्यातून." आता यूपीआयचे पैसे आले की पेशंट समोर असतानाच विचारायचं, खातं कुणाचं, आणि तेव्हाच नोंद करायची. कॅपचा डबा ड्रॉवरमधून काढून शनिवारच्या ट्रेमध्ये ठेवला.