दलालाचे पत्र सहीपूर्वी वाचा

कंपनी विम्यासाठी ब्रोकर नेमते, तेव्हा पहिला कागद येतो तो नेमणूकपत्राचा. त्याच्याबरोबर मँडेटही असते, म्हणजे आमच्या वतीने विमा कंपन्यांकडून कोटेशन मागवण्याचा अधिकार या ब्रोकरला दिला आहे, असे कंपनीच्या लेटरहेडवरचे पत्र. मँडेटवर सही चटकन होते. नेमणूकपत्र मात्र चार-पाच पानांचे असते आणि बहुतेक वेळा लेखाधिकारी ते न वाचताच फाईलला लावतो. क्लेमच्या वेळी जे वाद होतात, त्यांपैकी बऱ्याच वादांचे उत्तर याच पानांत असते.

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातला, प्लास्टिकचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना डोळ्यांसमोर आणू. एप्रिलमध्ये इमारत, यंत्रे आणि माल मिळून 60 कोटींचा आगीचा विमा उतरवला. ऑगस्टमध्ये 20 कोटींची नवी यंत्रे बसली. प्रॉडक्शन मॅनेजरने ब्रोकरच्या माणसाला फोनवर ते सांगितले, लेखी काहीच गेले नाही. नोव्हेंबरमध्ये आग लागली आणि 8 कोटींचे नुकसान झाले. विमा कंपनीने नेमलेल्या सर्वेअरने त्या दिवशीची मालमत्ता मोजली, ती 80 कोटी भरली. विमा होता 60 कोटींचा, म्हणजे पाऊणच. अशा वेळी नुकसानभरपाईही त्याच प्रमाणात, पाऊणच मिळते. 8 कोटींचे 6 कोटी झाले आणि उरलेले 2 कोटी कारखान्याच्या खिशातून गेले. नुकसान विम्याच्या रकमेपेक्षा कितीतरी कमी असूनही हे होते, आणि नेमके हेच मालकांच्या पचनी पडत नाही.

आता प्रश्न असा की चूक कोणाची? ब्रोकर म्हणेल, मूल्य ठरवणे माझे काम नव्हते. कारखाना म्हणेल, आम्ही फोन केला होता. चांगल्या नेमणूकपत्रात याचे उत्तर आधीच लिहिलेले असते. मालमत्तेचे मूल्य ग्राहकाने द्यायचे. ब्रोकर ते मोजत नाही, पण कमी विम्याचा परिणाम लेखी समजावून सांगतो. मालमत्तेत बदल झाला, तर ग्राहकाने अमुक दिवसांत ई-मेलने कळवायचे. ब्रोकरने तो दोन कामकाजी दिवसांत विमा कंपनीकडे पाठवायचा आणि पॉलिसीत बदल झाल्याचा कागद, म्हणजे एन्डॉर्समेंट, आणून द्यायचा. एन्डॉर्समेंट हाती येईपर्यंत बदल झाला असे धरू नये. वाढीव प्रीमियमही वेळेवर भरावा लागतो, कारण विमा कायदा, 1938 च्या कलम 64 व्हीबीनुसार प्रीमियम आगाऊ मिळाल्याशिवाय विमा कंपनी जोखीम स्वीकारू शकत नाही. ब्रोकरला फोनवर सांगितले म्हणजे विमा कंपनीला कळवले, असे समजणे सर्वांत महागात पडते. म्हणून दोन्ही बाजूंनी कोणाचा निरोप ग्राह्य धरायचा, त्यांची पदे पत्रात लिहून ठेवावीत.

मोबदल्याच्या कलमाकडेही नीट पाहावे. पॉलिसी मिळवून दिल्याबद्दल ब्रोकरला दलाली देते ती विमा कंपनी. समजा प्रीमियम 12 लाख आणि दलाली 15 टक्के. ब्रोकरला 1 लाख 80 हजार मिळतील. ग्राहकाला वेगळे बिल येत नाही, म्हणून सेवा फुकट आहे असा समज होतो. प्रत्यक्षात ती रक्कम प्रीमियममधूनच जाते, आणि प्रीमियम वाढला की दलालीही वाढते. म्हणून ब्रोकरने किमान तीन कोटेशन, अटींच्या तुलनेसह, समोर ठेवावीत असे पत्रात असावे. दलालीचा दर विचारला तर ब्रोकरने तो सांगावा, हे विमा नियामक 'इर्डाई'च्या आचारसंहितेतच आहे. या दलालीतला वाटा परत मागण्याचा मोह मात्र टाळावा. कलम 41 नुसार अशी सूट देणेही गुन्हा आणि घेणेही, दंड दहा लाखांपर्यंत. कारखान्याची सुरक्षा-पाहणी किंवा मूल्यांकन ही वेगळी सेवा असेल, तर तिचे शुल्क वेगळ्या ओळीत यायला हवे.

माझ्या मते सर्वांत काळजीने वाचायचे कलम जबाबदारीच्या मर्यादेचे. ब्रोकरच्या चुकीमुळे नुकसान झाले, तर भरपाई इतक्या रकमेपर्यंतच, असे तिथे लिहिलेले असते. काही पत्रांत ती मर्यादा वर्षाच्या दलालीइतकीच असते. वरच्या उदाहरणात फोन घेऊन गप्प बसलेल्या ब्रोकरकडून 2 कोटींपैकी 1 लाख 80 हजारच मिळतील. ब्रोकरला व्यावसायिक चुकांसाठी स्वतःचा विमा ठेवणे नियमानेच बंधनकारक आहे. त्या विम्याची रक्कम विचारावी आणि मर्यादा तिच्याशी जोडून घेण्याचा आग्रह धरावा. ब्रोकर तयार होतात, पण सहीपूर्वी विचारले तरच.

शेवटचे कलम नेमणूक संपण्याचे. साधारण तीस किंवा साठ दिवसांची नोटीस असते. ब्रोकर बदलला आणि जुन्याने उतरवलेल्या पॉलिसीवरचा क्लेम अर्धवट असला, तर तो पुढे कोण नेणार, आणि सर्वेअरशी झालेला पत्रव्यवहार किती दिवसांत हाती मिळणार, याची ओळ बहुतेक नमुन्यांत नसते. ती घालून घ्यावी.