पलंगपोस व टॉवेल : कापडाच्या वर्णनाची पारख

पलंगपोस, चादर व टॉवेल यांच्या वेष्टनावर सामान्यतः धाग्यांची संख्या, वजन, आटण्याचे प्रमाण व रंगाचा पक्केपणा यांचा उल्लेख असतो. हे चार गुण एकमेकांशी निगडित असून त्यांतील एकच आकडा सुटा दिल्यास तो खरा असूनही दिशाभूल करू शकतो. सोलापूरच्या चादरी व टर्किश टॉवेल भौगोलिक निर्देशनाखाली नोंदलेले आहेत. परंतु अशी नोंद मालाचे उत्पत्तिस्थान सांगते, विशिष्ट नगाच्या कापडाची पारख ग्राहकालाच करावी लागते.

धाग्यांची संख्या म्हणजे एक चौरस इंच कापडातील उभे धागे (ताणा) व आडवे धागे (बाणा) यांची बेरीज. इंचात ६० उभे व ६० आडवे धागे असल्यास ती १२० होते. भिंगाखाली एक इंच मोजून ही गणना कोणालाही करता येते. मात्र ती करताना पिळाचा धागा, म्हणजे दोन किंवा अधिक पदर एकत्र पिळून केलेला धागा, एकच मोजावयाचा असतो. काही विक्रेते प्रत्येक पदर वेगळा धरतात व ३०० धाग्यांचा पलंगपोस ६०० धाग्यांचा म्हणून विकतात. अमेरिकेत या प्रथेविषयी तक्रारी झाल्यावर तेथील फेडरल ट्रेड कमिशनच्या कर्मचारी वर्गाने २००५ मध्ये, अशी गणना ग्राहकांची दिशाभूल करू शकते, असे मत दिले. एकपदरी सुताच्या साध्या विणीत एका इंचात किती धागे मावतील याला सुताच्या जाडीनेच मर्यादा पडते. म्हणून हजार धाग्यांचा दावा दिसला की पदर मोजले असावेत असे समजण्यास हरकत नाही.

धाग्यांच्या संख्येला अर्थ येतो तो सुताच्या अंकामुळे (काउंट). एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी भरतात तितका त्याचा अंक. अर्थात अंक जितका मोठा तितके सूत बारीक. वीस अंकी सुताचे एक ग्रॅम वजन सु. ३४ मी. लांबीचे भरते. यावरून कापडाचे वजन आधीच काढता येते. वर दिलेल्या ६० × ६० धाग्यांच्या कापडात, दोन्ही दिशांचे सूत वीस अंकी असेल तर, एक चौ. मी. क्षेत्रात सु. ४,७२० मी. सूत असते. धागे एकमेकांच्या वरखाली जात असल्याने नागमोडीपणासाठी सु. ७ टक्के लांबी अधिक धरावी लागते. एकूण ५,०५० मी. सुताचे वजन सु. १५० ग्रॅ. होते. म्हणजे १५० × २२५ सेंमी. आकाराचा पलंगपोस सु. ५०० ग्रॅ. वजनाचा असावयास हवा.

आता हाच पलंगपोस वेष्टनातून काढल्यावर ५७० ग्रॅ. भरला असे समजू. जास्तीचे ७० ग्रॅ. सुताचे नसून बहुधा खळीचे असतात. ताण्याचे सूत मागावर तुटू नये म्हणून त्यास खळ द्यावीच लागते. पण विणल्यानंतर ती धुऊन काढण्याऐवजी ठेवून दिली किंवा स्टार्च व चिनी माती यांची आणखी भर घातली, तर हलके कापड हाताला भरदार लागते. असे कापड काळ्या पृष्ठभागावर दोन्ही हातांनी चोळले असता पांढरी भुकटी पडते. स्टार्च असल्यास टिंक्चर आयोडिनाचा थेंब निळा-काळा होतो. पलंगपोस तीनदा धुऊन व वाळवून पुन्हा तोलला आणि तो ५०५ ग्रॅ. भरला, तर शंकेला जागा उरत नाही. कापूस हवेतील ओलावा शोषतो, म्हणून दोन्ही वेळचे तोलन सारख्या हवेत करावे. भर पावसाळ्यातील व उन्हाळ्यातील वजनांची तुलना करू नये.

येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. समजा, हा पलंगपोस धुतल्यावर लांबीत ६ टक्के व रुंदीत ३ टक्के आटला. त्याचा आकार सु. १४५·५ × २११·५ सेंमी. झाला. धुण्यापूर्वी दर चौ. मी. वजन सु. १६९ ग्रॅ. होते, धुतल्यावर ५०५ ग्रॅ. वजन लहान क्षेत्रात आल्याने ते सु. १६४ ग्रॅ. होते. केवळ दर चौ. मी. वजन पाहणाऱ्यास तीन टक्केच घट दिसेल. प्रत्यक्षात नगातून ६५ ग्रॅ., म्हणजे अकरा टक्क्यांहून अधिक, वजन निघून गेलेले असते. आटण्यामुळे इंचातील धागेही वाढून १२० चे सु. १२६ होतात. म्हणून खळीची परीक्षा संपूर्ण नग तोलूनच करावी.

कापड आटण्याचे कारण धागा स्वतः फारसा आखूड होतो हे नव्हे. मागावर व नंतरच्या प्रक्रियांत ताणा ओढून धरलेला असतो. पाण्यात तो ताण सुटतो. शिवाय कापसाचे तंतू पाण्याने फुगतात, धागा जाड होतो आणि त्याला वळसा घालणाऱ्या धाग्यास अधिक लांब वाट घ्यावी लागते. ही लांबी कापडातूनच येते. ताण प्रामुख्याने ताण्यावर असल्याने लांबीतील घट बहुधा अधिक असते. सॅनफोर्ड क्लूएट यांनी शोधलेल्या सॅनफॉरायझिंग प्रक्रियेत कापड ओलसर करून रबरी पट्ट्याच्या साहाय्याने लांबीत आधीच दाबून घेतात. घरी मापन करावयाचे तर नव्या कापडावर ५० सेंमी. अंतरावर दोन टाके घालून धुण्यानंतर ते अंतर मोजावे, ४७ सेंमी. भरल्यास आटणे ६ टक्के. एकाच धुण्यावर निष्कर्ष काढू नये, कारण तिसऱ्या धुण्यापर्यंत थोडी घट होत राहते.

टर्किश टॉवेलाच्या बाबतीत धाग्यांच्या संख्येला जवळजवळ अर्थ नाही. त्यात जमिनीचा ताणा घट्ट व फासांचा ताणा सैल असा दुहेरी ताणा असतो आणि पाणी शोषण्याचे काम मुख्यतः फास करतात. त्यामुळे येथे दर चौ. मी. वजन हेच उपयुक्त माप होय. मात्र मऊपणासाठी सिलिकोन लावलेला टॉवेल दुकानात मुलायम वाटला तरी पाणी टाळतो. त्यावर टाकलेला थेंब लगेच न जिरता मोत्यासारखा राहतो.

रंगाच्या पक्केपणाविषयी ‘पक्का रंग’ हे दोन शब्द अपुरे आहेत. कशाला पक्का, हे सांगावयास हवे. धुणे व घासणे यांसाठी १ ते ५ अशी श्रेणी देतात व प्रकाशासाठी १ ते ८. दोन्हींत मोठा अंक चांगला. धुण्यात कापडाचा स्वतःचा रंग उतरणे व शेजारच्या पांढऱ्या कापडास तो लागणे यांची श्रेणी वेगवेगळी असते. नॅप्थॉल रंजकाने रंगविलेला लाल काठ धुण्यास चांगला टिकतो, परंतु पृष्ठावरील सुटे रंगकण साबणाच्या उकळीने नीट काढले नसतील तर उशीच्या अभ्र्यास घासून लागतो. विक्रियाशील रंजकाचा कापसाशी जोडला न गेलेला भाग पहिल्या काही धुण्यांत निघतो व मग पाणी स्वच्छ येऊ लागते. डायरेक्ट रंजकाचा रंग मात्र, पक्केपणाची वेगळी प्रक्रिया केली नसल्यास, दर धुण्यात थोडाथोडा जातच राहतो. तेव्हा पहिल्या धुण्याचे रंगीत पाणी पाहून कापड वाईट ठरवू नये. चौथ्या-पाचव्या धुण्याला पांढरी सुती पट्टी सोबत घालून पाहावे. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो ही घरोघरची समजूत आहे. रंगविण्याच्या कुंडात मीठ रंजकास सुताकडे ढकलते हे खरे, पण त्याने रंजक व तंतू यांत बंध निर्माण होत नाही. साध्या पाण्याच्या पुढच्या धुण्यात न जोडलेला रंग पुन्हा सुटू लागतो.