डोळे आले, पण कशामुळे?

जुलै 2023मध्ये आळंदीत मुलांचे डोळे लाल होऊ लागले. वारकरी शिक्षण घ्यायला आलेली ही मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत, शेजारी शेजारी झोपत. एकाचे डोळे आले की दुसऱ्या दिवशी शेजारच्याचे. काही दिवसांतच रुग्णांची संख्या हजाराच्या पुढे गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने नमुने तपासले, तेव्हा त्यामागे एन्टेरोव्हायरस असल्याचं दिसलं. पुढच्या काही आठवड्यांत ही साथ राज्यभर पसरली आणि गावोगावच्या औषधांच्या दुकानांत डोळ्यांत घालायच्या थेंबांना मोठी मागणी आली.

खरी अडचण इथेच होती. बहुतेकांनी घेतले ते अँटिबायोटिकचे थेंब, आणि अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. डोळे सहा-सात दिवसांत आपोआपच बरे होणार होते. ते बरे झाले आणि श्रेय बाटलीला मिळालं. पुढच्या वेळी डोळा लाल झाला की तीच बाटली कपाटातून बाहेर येते, मग कारण काहीही असो.

मराठीत ‘डोळे आले’ हा एकच शब्दप्रयोग तीन निरनिराळ्या दुखण्यांसाठी वापरला जातो. पापणीच्या आतल्या बाजूला आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ, पारदर्शक आवरण असतं. ते सुजलं की त्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि डोळा लाल दिसतो. सूज विषाणूमुळे येवो, जिवाणूंमुळे येवो की अॅलर्जीमुळे, लाली सारखीच. म्हणून नुसत्या लालीवरून काही कळत नाही. डोळ्यातून काय येतंय आणि डोळ्याला काय होतंय, हे पाहावं लागतं.

विषाणूने आलेल्या डोळ्यातून पाणी येतं. सुरुवात बहुधा एका डोळ्यात होते आणि एक-दोन दिवसांत दुसराही लाल होतो. वाळू गेल्यासारखं खुपतं, पापण्या सुजतात. सोबत सर्दी किंवा घसादुखी असेल, कानाच्या पुढे बोटाने दाबल्यावर दुखणारी बारीक गाठ लागत असेल, तर विषाणूचा संशय पक्का होतो. आळंदीसारख्या साथीत कधी कधी पांढऱ्या भागावर रक्ताचे लालभडक डागही उमटतात. ते बघून घरचे घाबरतात, पण असे डाग बहुधा आपोआप विरतात. अॅडेनोव्हायरस असेल तर दुखणं दोन-तीन आठवडेही रेंगाळतं.

जिवाणूंचा डोळा पू धरतो. पिवळा किंवा हिरवट, घट्ट पू डोळ्याच्या कोपऱ्यात साचतो, पुसला तरी पुन्हा येतो आणि सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. मात्र पापण्या चिकटल्या म्हणजे जिवाणूच, असं ठरवून टाकू नये. रात्रभर डोळे मिटलेले असल्याने विषाणूच्या दुखण्यातही चिपडं वाळून पापण्या चिकटतात. यावर साधा उपाय आहे. सकाळी उकळून कोमट केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस बुडवून डोळे पुसावेत आणि मग दुपारपर्यंत लक्ष ठेवावं. पिवळा पू पुन्हा पुन्हा साचत राहिला तर जिवाणूंची शक्यता मोठी, नुसतं पाणी वाहत राहिलं तर विषाणूची. अँटिबायोटिक थेंबांचा उपयोग असलाच तर तो या पहिल्या प्रकारात. अर्थात ही खूण अंदाजापुरती आहे, काही वेळा डॉक्टरांनाही नुसत्या नजरेने नक्की सांगता येत नाही.

अॅलर्जीचा डोळा खाजतो, आणि ही खाज अशी असते की मूल मुठीने डोळे चोळत सुटतं. दोन्ही डोळे एकदम लाल होतात, पांढरट दोऱ्यासारखा चिकट स्राव येतो, बरोबर शिंका असतात. ताप नसतो आणि घरात दुसऱ्या कुणाला लागणही होत नाही. शिवाय हे दुखणं ठरावीक मोसमात, धुळीने किंवा परागकणांनी पुन्हा पुन्हा येतं.

या तिसऱ्या प्रकाराकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. नेत्रतज्ज्ञांकडे वारंवार येणारा रुग्ण साधारण असा असतो: आठ-दहा वर्षांचा मुलगा, उन्हाळा लागला की डोळे लाल आणि खाज. पालक औषधाच्या दुकानातून थेंब आणतात. त्या बाटलीत अँटिबायोटिकबरोबर स्टिरॉइड असतं. दुसऱ्याच दिवशी लाली उतरते, मूल शाळेत जातं, सगळे खूश. महिन्याभराने पुन्हा खाज, पुन्हा तीच बाटली. असं दोन-तीन वर्षं चालतं. मग एक दिवस मुलाला फळा नीट दिसत नाही म्हणून तपासणी होते, आणि डोळ्यातला दाब वाढून दृष्टीची नस सुकू लागल्याचं कळतं. हा काचबिंदू दुखत नाही, म्हणून तोवर कुणाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. स्टिरॉइडने कमी वयात मोतीबिंदूही होतो. दुसरीकडे, सतत चोळल्याने बुबुळ शंकूसारखं पुढे येण्याचा धोका वाढतो. स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे, पण ते किती दिवस द्यायचं आणि दाब कधी मोजायचा, हे डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. घरी थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात, डोळे चोळू देऊ नयेत आणि अॅलर्जीचे थेंब डॉक्टरांना विचारून घ्यावेत.

स्टिरॉइडचा याहून वेगवान घात शेतात होतो. उसाचं किंवा भाताचं पातं डोळ्याला लागून बारीक जखम होते, त्यातून बुरशी शिरते आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो. ‘डोळे आले’ समजून तिथे स्टिरॉइडचे थेंब पडले तर बुरशी फोफावते आणि डोळाच जाऊ शकतो.

म्हणून काही खुणा दिसल्या तर वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. साध्या डोळे येण्यात खुपतं, चुरचुरतं, पण आतून ठणकत नाही आणि घाण पुसल्यावर नजर स्वच्छ असते. ठणका लागला, उजेड सहन होईना, पुसूनही धूसर दिसलं किंवा काळ्या भागावर पांढरा डाग आला, तर दुखणं वरच्या आवरणापुरतं राहिलेलं नाही. एकच डोळा लाल होऊन डोकं दुखत असेल, उलटी होत असेल आणि दिव्याभोवती रंगीत वलयं दिसत असतील, तर डोळ्यातला दाब अचानक वाढलेला असू शकतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी डोळा लाल होताच लेन्स काढून ठेवावी आणि डॉक्टरांना दाखवावं. जन्मल्यापासून महिन्याभरातल्या बाळाच्या डोळ्यातून पू आला तर एक दिवसही थांबू नये, कारण प्रसूतीच्या वेळी लागलेल्या काही जिवाणूंनी बुबुळ झपाट्याने खराब होतं. चुना किंवा अॅसिड डोळ्यात गेलं तर आधी भरपूर पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवावा आणि मगच दवाखाना गाठावा.

घरात कुणाचे डोळे आले असतील तर त्यांच्याकडे बघायला हरकत नाही, बघितल्याने लागण होत नाही. ती होते हातातून, टॉवेलमधून, उशीच्या अभ्र्यातून आणि एकाच बाटलीतले थेंब दोघांनी घातल्याने. रुग्णाचा टॉवेल वेगळा ठेवा, साबणाने हात धुवा, आणि कपाटात मागच्या साथीतली उघडी बाटली असेल तर ती आजच टाकून द्या.