उतू जाणाऱ्या भांड्याची जाहिरात

भांडी विकणाऱ्या कंपन्या वर्षभर गिऱ्हाइकाला एक भरवसा देत असतात: दूध उतू जाणार नाही, ओटा खराब होणार नाही, शेगडीपाशी उभं राहावं लागणार नाही. जानेवारीच्या मध्यावर तमिळनाडूत मात्र हा भरवसा कुणालाच नको असतो. तै महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे 14 किंवा 15 जानेवारीला, पोंगलच्या भांड्यातलं दूध काठावरून ओसंडावं म्हणून सगळं घर त्याच्याभोवती जमतं. फेस काठावर आला की ‘पोंगलो पोंगल!’ असा गजर होतो. नव्या भाताचं पीक घरात आलं, वर्ष असंच भरभरून जावो, हे त्या ओसंडण्यात पाहिलं जातं.

या सणासाठी भांड्यांच्या सवलतीची जाहिरात लिहायची, तर लिहिणाऱ्याला पोंगल कसा शिजतो हे आधी नीट माहीत असावं लागतं. ऊस, कोलम आणि हसरं कुटुंब यांचं चित्र लावून खाली ‘20 टक्के सूट’ छापणं कुणालाही जमतं. पण ज्या घरात दरवर्षी पोंगल शिजतो, तिथली आजी अशा जाहिरातीतली चूक पहिल्या नजरेत पकडते.

भांडं कसं असतं

सणाच्या सकाळी अंगणात किंवा गच्चीवर कोलम काढून, सूर्य दिसेल अशा जागी चूल मांडतात. भांडं मातीचं, काशाचं, पितळेचं किंवा आता बऱ्याच घरांत स्टीलचं असतं. आकार मात्र ठरलेला असतो: पोट गोल, मान आखूड आणि अरुंद, काठ बाहेर वळलेला. ही मान कामाची असते, कारण तिच्याभोवती पानांसकट हळदीचं ताजं रोप बांधतात. कुठे त्याच्याबरोबर आल्याचं रोपही असतं. लांब दांड्याच्या पॅनला किंवा सरळ भिंतीच्या पातेल्याला हळद बांधायला जागाच नसते. जाहिरातीच्या छायाचित्रात दुकानात खपवायचं आहे म्हणून नॉनस्टिक पॅन ठेवलं आणि त्याच्या दांड्याला हळदीचं पान अडकवलं, की तमिळ वाचकाला ते चित्र परकं वाटतं. म्हणून मान असलेलं स्टीलचं पोंगल-भांडं विकायला असेल तर चित्रात तेच ठेवावं. कढई किंवा कुकर विकायचा असेल, तर तो सणाच्या दुसऱ्या पदार्थांसाठी दाखवावा.

आता रांधण्याचा क्रम पाहू. अनेक घरांत आधी दूध आणि पाणी एकत्र उकळतात. ते उतू गेलं की थोडं पाणी पळीने बाजूला काढून ठेवतात आणि धुतलेले तांदूळ व मूगडाळ आत सोडतात. भात मऊ होत आला की बाजूला काढलेलं पाणी लागेल तसं परत घालतात. तांदूळ पुरता शिजल्यावरच विरघळवून गाळलेला गूळ पडतो. गूळ आधी घातला तर दाणा कडक राहतो आणि नंतर कितीही शिजवला तरी मऊ होत नाही. शेवटी तूप, काजू, बेदाणे आणि वेलदोडा, कुणाकडे चिमूटभर खायचा कापूरही. हा सक्करै पोंगल. त्याच्याबरोबर मिरी, जिरं आणि आलं घातलेला खारा वेण पोंगलही असतो.

भांड्याची खरी परीक्षा गूळ पडल्यानंतर होते. त्याआधी पाणी भरपूर असल्याने पातळ बुडाचं भांडंही चालून जातं. गूळ पडला की मिश्रण घट्ट होतं, बुडाशी साखर करपू लागते आणि हात सतत चालता ठेवावा लागतो. जाड बुडाचा किंवा दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमचा थर असलेल्या भांड्याचा फायदा इथे कळतो. उष्णता बुडाला एका जागी न साठता पसरते, म्हणून करपायला वेळ लागतो. ‘तीन थरांचं प्रगत तंत्रज्ञान’ या शब्दांपेक्षा ‘गूळ घातल्यावरही बूड लागत नाही’ हे वाक्य रांधणाऱ्या बाईला लगेच पटतं. अर्थात, तसं प्रत्यक्ष शिजवून पाहिलेलं असेल तरच ते लिहावं.

किती लिटरचं घ्यायचं

सवलतीच्या जाहिरातीत सर्वांत जास्त घोटाळा मापाचा होतो. मोठं भांडं महाग, म्हणून दुकानदाराला मोठं विकायचं असतं आणि मजकुरात ‘मोठ्या कुटुंबासाठी 5 लिटर’ येतं. आठ माणसांच्या घराचा हिशेब करून पाहू. गोड पोंगलसाठी 200 मिलिलिटरच्या कपाने दोन कप तांदूळ आणि अर्धा कप मूगडाळ पुरते. धान्याच्या पाचपट पाणी-दूध धरलं, तर अडीच लिटर द्रव लागतो.

भांड्यावर लिहिलेलं माप सहसा काठापर्यंतचं असतं. साडेतीन लिटरच्या भांड्यात तीन लिटर दूध-पाणी घातलं की ते मानेजवळ येतं आणि उकळी फुटताच फेस काठावर चढतो. मग अर्धा लिटर बाजूला काढायचा आणि उरलेल्यात तांदूळ-डाळ सोडायची. पाच लिटरच्या भांड्यात तेवढंच दूध-पाणी जेमतेम अर्ध्याच्या वर येतं आणि पाणी मिसळलेल्या दुधाचा फेस काठापर्यंत पोहोचतच नाही. सगळे गजर करायला उभे आणि भांडं शांत, असं होतं. उतू जावं म्हणून दूध-पाणी वाढवलं, तर नंतर दीड-दोन लिटर उपसून काढावं लागतं.

तोच पदार्थ कुकरमध्ये करायचा तर हिशेब उलटा होतो. तांदूळ आणि डाळ फेसाळतात, फेस वाफेच्या छिद्रात अडकू शकतो, म्हणून असे पदार्थ करताना कुकर पाण्यासकट अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये. वरच्या प्रमाणात धान्य आणि पाणी मिळून पावणेतीन लिटरच्या पुढे जातं. पाच लिटरच्या कुकरची मर्यादा अडीच लिटर आहे, म्हणजे इथे साडेसात लिटरचा कुकर लागतो. एकाच घराला, एकाच पदार्थासाठी, उघडं भांडं साडेतीन लिटरचं आणि कुकर साडेसात लिटरचा. हा छोटा तक्ता जाहिरातीत दिला तर गिऱ्हाईक दुकानातून योग्य भांडं घेऊन जाईल आणि सणानंतर बदलून मागायला येणार नाही.

फ्लॅटमधल्या घरांसाठी आणखी एक ओळ लागते. गॅसवर उतू गेलेलं दूध ज्योत विझवू शकतं आणि गॅस सुटत राहतो, म्हणून तो क्षण जवळ आला की हात बटणावर असावा. इंडक्शनच्या काचेवर दूध सांडलं की अनेक शेगड्या आपोआप बंद पडतात. तिथे भांडं थाळीत ठेवायची सोय नसते, तेव्हा दोन-चार थेंब ओसंडताच आच कमी करणं इतकंच हातात असतं.

सवलत कधी आणि कशी

पोंगल चार दिवसांचा असतो: भोगी, तै पोंगल, गुरांचा माट्टु पोंगल आणि नातेवाइकांकडे किंवा फिरायला जाण्याचा काणुम पोंगल. भोगीला घर झाडून जुनं सामान बाहेर काढतात. ‘जुनं भांडं आणा, नवं सवलतीत न्या’ ही योजना या चालीशी सहज जुळते. पण नवं भांडं तै पोंगलच्या सकाळी चुलीवर हवं, म्हणजे ते भोगीच्या संध्याकाळपर्यंत घरात यायला हवं. म्हणून ‘31 जानेवारीपर्यंत’ या ओळीपेक्षा ‘भोगीपर्यंत दुकानात, घरपोच हवं असेल तर त्याआधी चार दिवस मागणी नोंदवा’ ही ओळ उपयोगाची. मुदत महिनाअखेरपर्यंत ठेवायला हरकत नाही, पण सणासाठी शेवटचा दिवस कोणता हे वेगळं सांगावं.

पैशांची भाषाही स्वच्छ हवी. समजा, भांड्याची छापील किंमत 2,400 रुपये आहे आणि जुनं भांडं दिल्यावर 20 टक्के सूट आहे. मग मजकुरात ‘जुनं भांडं दिल्यावर 1,920 रुपये’ असा आकडा थेट यावा. कोणतं जुनं भांडं चालेल, कोणत्याही धातूचं की फक्त स्टीलचं, हेही त्याच ओळीत. केंद्र सरकारने जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार पुरेसा माल नसताना कमी किमतीचं आमिष दाखवता येत नाही. पोचवण्यासारखा टाळता न येणारा खर्च सोडून ग्राहकाला आणखी काही द्यावं लागत असेल, तर वस्तूला ‘मोफत’ म्हणता येत नाही. अटींची तळटीप ज्या भाषेत दावा केला त्याच भाषेत हवी. तमिळमध्ये मोठ्या अक्षरांत सवलत आणि कोपऱ्यात इंग्रजीत अटी, हे चालत नाही.

काशा-पितळेच्या भांड्यांबाबत ‘आरोग्याला उत्तम’ अशी ओळ सहज येते. तिथे पुरावा नसेल तर गप्प राहावं आणि कामाची गोष्ट सांगावी: पितळेच्या भांड्याला आतून कल्हई आहे का, ती पुन्हा कधी करावी लागेल, चिंचेचं सांबार त्यात करावं की नाही. कुकरवर आयएसआय चिन्ह 2021 पासून सक्तीचं आहे. ते आहे हे सांगणं ठीक, पण ती विशेष भेट असल्यासारखं मिरवू नये.

हे सगळं ध्यानात घेऊन मजकूर असा होऊ शकतो: ‘यंदा दूध काठावरून ओसंडू दे. साडेतीन लिटरचं पोंगल-भांडं: हळद बांधायला मान, गूळ घातल्यावर बूड न लागण्यासाठी जाड तळ. आठ माणसांसाठी दोन कप तांदळाचं माप. कोणतंही जुनं स्टीलचं भांडं आणा, 2,400 चं भांडं 1,920 रुपयांत न्या. भोगीच्या संध्याकाळपर्यंत सर्व दुकानांत.’ यात विशेषण जवळजवळ नाही. प्रत्येक शब्दामागे रांधणाऱ्याचा एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर आहे.

हाच मजकूर मराठीत आणून त्याच आठवड्यातल्या संक्रांतीला चालवण्याचा मोह कंपन्यांना होतो. धारावीत किंवा माटुंग्यात पोंगल करणाऱ्या तमिळ घरांना तो लागू पडेल. मराठी घरात मात्र त्या दिवसांत चुलीवर तिळगुळाचा पाक असतो. पाक एका क्षणात पुढे जातो, म्हणून तिथे हवी ती उष्णता सारखी पसरवणारी, पाक पटकन उतरवता येईल अशी पक्क्या कानांची कढई. हळदीकुंकवाला लुटायच्या वाणासाठी लहान वाट्या-डबे एकदम पंचवीस-तीस नग लागतात, त्यामुळे सवलत नगावर नाही, संख्येवर द्यावी लागते. मुदतही रथसप्तमीपर्यंत लांबते, कारण हळदीकुंकवं तोवर चालतात. म्हणजे संक्रांतीची जाहिरात पोंगलवरून भाषांतरित करता येणार नाही. ती तिळाच्या वड्या थापणाऱ्या बाईच्या ओट्याशी उभं राहून, पहिल्या ओळीपासून नव्याने लिहावी लागेल.