कागदाचे पान आणि विजेचे पान

माझी भाची सातवीत शिकते. ती रत्नागिरीस आपल्या आजीजवळ राहते. तिचे आईवडील नोकरीनिमित्त मुंबईस असतात. त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी तिला आजीबरोबर कोकण रेल्वेने मुंबईस जावे लागते. प्रवास सहा-सात तासांचा. गाडी सुटली की पुस्तक उघडावयाचे आणि ठाणे आले की मिटावयाचे, असा तिचा नेम आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत ती पाच जाड पुस्तके पिशवीत भरून निघाली आणि पनवेलच्या फलाटावर पिशवीचा बंदच तुटला. त्या दिवसापासून घरात एक वाद सुरू झाला. तिने यापुढे कागदी पुस्तकेच न्यावीत, की ई-रीडर नावाचे वाचनाचे उपकरण घ्यावे? अखेर हा निवाडा माझ्याकडे आला.

प्रथम आम्ही वजनाचा हिशेब केला. तीनशे पानांचे पुस्तक म्हणजे कागदाची दीडशे पत्रे. एक पत्र १४ सेंटिमीटर रुंद व साडेएकवीस सेंटिमीटर उंच धरले, तर दीडशे पत्रांचा मिळून सुमारे साडेचार चौरस मीटर कागद होतो. पुस्तकांसाठी वापरतात त्या साधारण कागदाचे वजन चौरस मीटरला ७० ग्रॅम धरू. म्हणजे नुसता कागदच ३१५ ग्रॅम झाला, वेष्टनासह साडेतीनशे. अशी पाच पुस्तके पावणेदोन किलो भरतात. याउलट तळहातापेक्षा थोडा मोठा ई-रीडर दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर असतो आणि त्यात शेकडो पुस्तके मावतात. या बाबतीत वाद उरलाच नाही.

“पण तासन् तास पडद्याकडे पाहून तिचे डोळे बिघडतील,” असे आजी म्हणाली. हा आक्षेप मात्र नीट तपासण्याजोगा होता. कारण ई-रीडरचा पडदा आणि मोबाइलचा पडदा यांची जातच वेगळी आहे.

मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो. ई-रीडरच्या पडद्यात दिवा नसून ‘शाई’ असते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत या शाईवर काम झाले आणि १९९७ साली ती तयार करणारी कंपनी निघाली. पडद्याच्या पृष्ठभागाखाली केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव भरलेला असून त्यात पांढरे आणि काळे सूक्ष्म कण तरंगत असतात. पांढऱ्या कणांवर एका प्रकारचा विद्युत्भार असतो, तर काळ्यांवर त्याच्या विरुद्ध. खालून विजेचा दाब एका दिशेने दिला की पांढरे कण वर येतात आणि तो ठिपका पांढरा दिसतो. दाब उलटा केला की काळे कण वर येतात. अशा ठिपक्यांनीच अक्षर बनते. त्यावर बाहेरचा प्रकाश पडतो आणि कागदावरून परततो तसाच तो आपल्या डोळ्यांकडे परततो. म्हणून खिडकीजवळच्या कडक उन्हात मोबाइलचा पडदा फिका पडतो, पण ई-रीडरवरचे अक्षर उलट अधिक स्पष्ट दिसते.

यात आणखी एक गंमत आहे. कण एकदा वर आले की वीज बंद झाली तरी ते तेथेच राहतात. वीज प्रामुख्याने पान बदलतानाच लागते. म्हणून एकदा भरलेली बॅटरी कित्येक दिवस पुरते. मात्र अंधारात वाचण्यासाठी पडद्याच्या कडेला बारीक दिवे बसवलेले असतात. ते आणि बिनतारी जोडणी सतत चालू ठेवली, तर बॅटरी पुष्कळ लवकर उतरते. बॅटरी पुरती संपली तरी पडद्यावर चित्र राहू शकते. भाचीला एकदा वाटले, उपकरण जागे आहे. प्रत्यक्षात ते केव्हाच झोपी गेले होते!

आजीच्या आक्षेपातला थोडा भाग तरीही खरा ठरतो. जवळच्या वस्तूवर नजर तासन् तास खिळवली, तर डोळे थकतातच, मग ते पान कागदाचे असो वा विजेचे. अधूनमधून खिडकीबाहेरच्या डोंगराकडे पाहणे दोहोंच्या बाबतीत आवश्यक आहे. हलत्या गाडीत अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, हा ई-रीडरचा जास्तीचा लाभ.

मराठी वाचकाची खरी अडचण मात्र निराळीच आहे. पुष्कळ जुनी मराठी पुस्तके केवळ पानांची छायाचित्रे घेऊन संगणकावर चढवलेली असतात. साडेएकवीस सेंटिमीटर उंचीचे पान सुमारे बारा सेंटिमीटरच्या पडद्यावर बसवले, की अक्षर जवळजवळ निम्मे होते. अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरे एकमेकांत मिसळून जातात. पुस्तक कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखण्याची खूण सोपी आहे. अक्षर मोठे करून पाहावे. शब्द आपोआप पुढच्या ओळीत सरकले, तर ते खरे अक्षरी पुस्तक. सबंध पानच फुगून कडेला जाऊ लागले, तर ते छायाचित्र. दुसऱ्या प्रकारची पुस्तके लहान पडद्यावर वाचण्याच्या भरीस पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आकलनाचा प्रश्न. नॉर्वेतील संशोधक अ‍ॅन मँगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग करून २०१९ साली तो प्रसिद्ध केला. पन्नास जणांना एकच रहस्यकथा वाचावयास दिली. निम्म्यांना कागदावर, निम्म्यांना ई-रीडरवर. कथेविषयीच्या बहुतेक प्रश्नांत दोन्ही गट सारखेच ठरले. परंतु कोणती घटना आधी घडली व कोणती नंतर, हे जुळवण्यात कागदावर वाचणारे सरस निघाले. वाचणारे प्रौढ होते, हे लक्षात ठेवले पाहिजे. तुमच्या वयाच्या मुलांविषयी त्यावरून निश्चित काही सांगता येत नाही. कारणाविषयी असा तर्क आहे की, कागदी पुस्तकात डाव्या हाताखालची पाने वाढतात, उजवीकडची घटतात आणि आपण कोठवर आलो हे बोटांनाही कळते. ई-रीडरची जाडी मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तीच!

माझ्या भाचीने हे स्वतः पडताळून पाहिले. गोष्टीचे पुस्तक ई-रीडरवर तिने सुखाने संपवले. भूगोलाचा धडा मात्र जमेना. नकाशा एका पानावर, त्याचे वर्णन तीन पाने पुढे. मागेपुढे जाताना प्रत्येक वेळी पडदा क्षणभर थबके आणि कधी मागल्या पानाची पुसट छाया नव्यावर राही. कागदी पुस्तकात नकाशाच्या पानात बोट घालून ठेवले की काम झाले.

म्हणून मी निवाडा दिला तो असा: गोष्टी, चरित्रे, प्रवासवर्णने, म्हणजे ओळीने वाचत जावयाची पुस्तके ई-रीडरवर न्यावीत, ज्यात वारंवार मागेपुढे जावे लागते असे अभ्यासाचे एकच पुस्तक कागदी असावे. बहुतेक ई-रीडरच्या पडद्याच्या आत पातळ काच असते आणि पिशवीत डब्याचा कोपरा दाबला तर ती तडकते. मग पान बदलले तरी पडद्याचा काही भाग बदलत नाही, किंवा रेघा कायम राहतात. यासाठी त्याला कडक वेष्टन घेतले आणि पिशवीत कपड्यांच्या मध्ये त्याची जागा ठरवली.

हे सर्व आजीला मान्य झाले. परंतु पुढच्या प्रवासात चिपळूण मागे पडताच तिने भाचीला विचारले, “माझे पुस्तक कोठे आहे?” उपकरण एक आणि वाचणाऱ्या दोघी! तेव्हापासून त्या पिशवीत आजीसाठी आणखी एक कागदी पुस्तक असते.